साधा, मधला की मोठा? आमच्या तीन प्लॅनांबद्दल थोडंसं

दुकानदार मंडळींना नमस्कार. इंदूरच्या बाजारासाठी आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे आता तीन प्लॅन आहेत. वर्षाचे भाव असे: साधा १,८०० रुपये, मधला ३,६००, मोठा ७,२००.

महिन्याला किती बिलं फाडली यावर आम्ही भाव ठेवलेला नाही. दिवाळीत बिलं तिप्पट होतात, आणि ऐन गर्दीत "मर्यादा संपली" असं स्क्रीनवर आलं तर कोणता दुकानदार आम्हाला दारात उभं करेल? प्लॅन ठरतो तो तुमच्या जीएसटीवरून.

तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल, तर गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही आणि कर बीजक नव्हे, बिल ऑफ सप्लाय द्यावं लागतं. तेवढ्याला साधा प्लॅन पुरतो. उधारीची खातीही त्यात आहेत. नेहमीची नोंदणी असेल, म्हणजे कर लावून बीजक देत असाल आणि खरेदीवरचं क्रेडिट घेत असाल, तर मधला. मोठा प्लॅन दोन दुकानं किंवा वेगळं गोदाम असणाऱ्यांसाठी, तसंच ज्यांची उलाढाल ५ कोटींवर गेल्याने व्यापाऱ्यांना दिलेल्या बीजकांवर ई-इन्व्हॉइस लागतं त्यांच्यासाठी. एकच दुकान असेल आणि ई-इन्व्हॉइस लागत नसेल, तर तो घेऊ नका, उगीच पैसे जातील.

भावातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. साध्याचे १,८०० करासकट आहेत, कारण कंपोझिशनवाल्याला आमच्या बिलावरचा १८ टक्के कर परत मिळत नाही. मधल्यावर ६४८ रुपये कर वेगळा लागतो, एकूण ४,२४८. पण ते ६४८ तुम्हाला क्रेडिटमध्ये मिळतात.

आता समजा, मल्हारगंजातलं एक किराणा दुकान. एप्रिलमध्ये साधा प्लॅन घेतला. मग आसपासची हॉटेलं माल उचलू लागली आणि कर बीजक मागू लागली, म्हणून ऑक्टोबरपासून दुकानदाराने कंपोझिशन सोडली. साध्याचे सहा महिने उरले, म्हणजे ९०० रुपये जमा. मधल्याचे सहा महिने करासकट २,१२४. त्याने भरायचे फक्त १,२२४.

अशा वेळी हाती असलेल्या शिल्लक मालावरच्या कराचं क्रेडिट मागता येतं, पण आयटीसी-०१ फॉर्म ३० दिवसांत भरावा लागतो आणि त्याला खरेदीची बिलं लागतात, तीही एक वर्षाच्या आतली. म्हणूनच खरेदीची नोंद आणि मालाचा साठा आम्ही साध्या प्लॅनमध्येही दिला आहे. तो काढून भाव आणखी उतरवता आला असता, पण मग बदलाच्या दिवशी मालकाला जुन्या वह्या धुंडाळत बसावं लागलं असतं.

मुदत संपली आणि प्लॅन पुढे चालू ठेवला नाही, तर नवीन बिल करता येणार नाही. जुना हिशेब मात्र पाहता येईल आणि एक्सेलमध्ये उतरवूनही घेता येईल, कोणत्याही प्लॅनमध्ये.