‘चांगला’ म्हणजे नेमकं काय? निष्कर्षाला गुण देणारी चार वाक्यं

इंदूरमध्ये ओला आणि सुका कचरा वेगळा देणं घरोघरी अंगवळणी पडलं आहे. त्यामुळे आठवीच्या मुलांना विज्ञानाचा प्रकल्प म्हणून ‘घरातला ओला कचरा सात दिवस वजन करून नोंदवा’ असं सांगणं सोपं जातं. स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक बादली आणि वहीतला तक्ता, एवढंच सामान लागतं. खरी अडचण येते ती वह्या तपासताना. तक्ता भरला आहे की नाही, एकक लिहिलं आहे की नाही, हे कुणालाही दिसतं. पण शेवटी ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली मुलाने जे चार-पाच ओळींत लिहिलेलं असतं, त्याला गुण कसे द्यायचे?

रुब्रिक, म्हणजे निकष आणि पातळ्यांचा तक्ता, याच कामासाठी असतो. अनेक शाळांत तो असतोही. त्यात निष्कर्षाच्या ओळीत साधारण असं लिहिलेलं आढळतं: ‘निष्कर्ष उत्कृष्ट व सखोल’, ‘निष्कर्ष चांगला’, ‘निष्कर्ष समाधानकारक’, ‘निष्कर्षात सुधारणा आवश्यक’. या चार वाक्यांत विशेषणाखेरीज काहीच बदलत नाही. ‘सखोल’ कुठे दिसतं हे वाक्य सांगत नाही, म्हणून तपासणारी व्यक्ती आधी मनात गुण ठरवते आणि मग त्याला जुळणारं विशेषण निवडते. तक्त्याने गुण ठरवण्याऐवजी तक्ता गुणांच्या मागे चालतो.

असं केल्याने गुण किती फाकतात हे जुनंच निरीक्षण आहे. १९१२ साली अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शाळांत पाठवल्या. १४२ शिक्षकांनी दिलेले गुण शंभरापैकी ६४ पासून ९८ पर्यंत पसरले होते. उत्तरपत्रिका तीच होती. प्रत्येकाच्या मनातलं ‘चांगलं’ मात्र वेगळं होतं.

आता एक उदाहरण धरू. चार माणसांच्या घरातल्या मुलीने सोमवार ते रविवार अशी वजनं नोंदवली: ६४०, ७१०, ५८०, ६९०, ६६०, ९०० आणि १३४० ग्रॅम. रविवारच्या शेऱ्यात लिहिलं आहे, ‘भुट्ट्याचा कीस केला, १२ कणसांची सालं आणि दांडे’. याच आकड्यांवरून चार मुलांनी चार निष्कर्ष लिहिले असं समजू.

पहिला: ‘कचरा वेगळा ठेवणे खूप महत्त्वाचे आहे. आपले शहर स्वच्छ ठेवणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.’ दुसरा: ‘सोमवारी ६४० ग्रॅम, मंगळवारी ७१० ग्रॅम…’ असं करत सातही आकडे, आणि शेवटी ‘रविवारी सर्वात जास्त कचरा झाला.’ तिसरा: ‘पहिल्या सहा दिवसांची सरासरी ६९७ ग्रॅम आहे आणि रविवारी १३४० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्या दिवशीच्या शेऱ्यात कणसांची सालं आहेत.’ चौथ्यात तिसऱ्याचं सगळं आहे आणि पुढे आहे: ‘पण मी एकच रविवार मोजला. दर रविवारी असेच होते का हे कळायला कीस न केलेले दोन-तीन रविवारही मोजावे लागतील.’

हे चार निष्कर्ष समोर ठेवले की त्यांतला फरक बहुतेकांना लगेच जाणवतो. वर्णन लिहिण्याचं काम म्हणजे हा जाणवलेला फरक कागदावर बोट ठेवून दाखवता येईल अशा शब्दांत उतरवणं. त्यासाठी कोऱ्या कागदापासून सुरुवात करू नये. बारा-पंधरा खऱ्या वह्या घ्याव्यात. दोन शिक्षकांनी एकमेकांशी न बोलता त्यांचे चार गठ्ठे करावेत. मग प्रत्येक वहीबद्दल एकच प्रश्न विचारावा: ही वही शेजारच्या गठ्ठ्यात का नाही? ‘हिला विषय समजला आहे’ हे उत्तर चालणार नाही, कारण समज डोक्यात असते आणि कागदावर दिसत नाही. ‘हिने सरासरी काढून रविवारशी तुलना केली’ हे उत्तर चालेल. समजतो, जाणतो, रस घेतो ही क्रियापदं वर्णनात आली की थांबावं आणि मुलाने कागदावर नेमकं काय केलं ते शोधावं: तुलना केली, फरक काढला, मर्यादा सांगितली.

विशेषणं टाळायची म्हटलं की पहिला मोह मोजणीचा होतो. ‘निष्कर्षात किमान तीन आकडे आहेत’ हे वाक्य स्पष्ट आहे, दोन शिक्षकांचं त्यावर एकमतही होईल. पण वरच्या उदाहरणात ते लावून पाहा. सातही आकडे पुन्हा उतरवणारा दुसरा मुलगा सर्वात वर जातो आणि दोनच आकड्यांत मुद्दा मांडणारा तिसरा खाली येतो. शिवाय पुढच्या वर्षी मुलं आकडे भरायला शिकतात. दिसणारा पुरावा म्हणजे मोजता येणारा पुरावा नव्हे. आकडे किती आहेत यापेक्षा मुलाने त्या आकड्यांचं काय केलं हे पाहायचं असतं, आणि तेही कागदावर तितकंच दिसतं.

असा विचार करून पहिला मसुदा लिहिला, तर तो साधारण असा होतो.

पातळी १: निष्कर्षातली वाक्यं तक्ता झाकून ठेवला तरी लिहिता आली असती.
पातळी २: तक्त्यातला आकडा किंवा दिवस पुन्हा सांगितला आहे.
पातळी ३: दोन किंवा अधिक नोंदींची तुलना केली आहे (फरक, पट किंवा सरासरी) आणि कारण सांगितलं आहे.
पातळी ४: पातळी ३ प्रमाणे, आणि मोजणीची मर्यादा सांगितली आहे.

पहिल्या पातळीचं वर्णन ‘तुलना नाही, पुरावा नाही’ असं लिहिलेलं नाही, हे मुद्दाम आहे. काय नाही ते सांगितलं की मुलाला रिकामी जागा दिसते. काय आहे ते सांगितलं की स्वतःचं वाक्य ओळखता येतं. तक्ता झाकून पाहण्याची कसोटी तर आठवीतलं मूल स्वतःही वापरू शकतं.

मसुदा तयार झाला की तो आधी न वापरलेल्या वह्यांवर चालवावा. गठ्ठे करताना वापरलेल्याच वह्या पुन्हा घेतल्या तर एकमत होणारच, कारण वर्णन त्यांच्यावरूनच लिहिलेलं असतं. दोघांचे गुण जिथे वेगळे पडतात तिथे बहुधा वर्णनातला एखादाच शब्द दोषी असतो, आणि या मसुद्यात तसे दोन शब्द आहेत.

एक आहे ‘कारण’. एखादा मुलगा लिहितो, ‘रविवारी जास्त कचरा झाला कारण पाहुणे आले असतील.’ तक्त्यात पाहुण्यांचा उल्लेख नाही. एक शिक्षक म्हणेल, कारण दिलं आहे, पातळी ३. दुसरा म्हणेल, हा अंदाज आहे. दोघंही वर्णनाला धरूनच बोलत आहेत. शिवाय याच वाक्यात ‘आणि’ने दोन गोष्टी बांधल्या आहेत. तुलना नेमकी करून कारण न देणाऱ्या मुलीला कुठे बसवायचं? म्हणून पातळी ३ अशी बदलावी: ‘दोन किंवा अधिक नोंदींची तुलना करून विधान केलं आहे, कारण दिलं असल्यास ते तक्त्यातल्या किंवा शेऱ्यातल्या नोंदीवर बोट ठेवून दाखवता येतं.’ आता कारण न देणारी मुलगी अडकत नाही, आणि पाहुण्यांचा अंदाज नोंदीशिवाय पुढे जात नाही. तुलना नसेल तर तो मुलगा पातळी २ वर राहतो.

दुसरा शब्द ‘मर्यादा’. चौथ्या पातळीला मर्यादा लागते हे कळलं की वह्यांमध्ये ‘मोजताना चूक झाली असू शकते’ हे वाक्य उगवतं. ते खोटं नाही, पण कुठल्याही प्रकल्पात चिकटवता येतं. म्हणून वर्णनात लिहावं: ‘याच नोंदींची एक मर्यादा सांगितली आहे आणि ती दूर करायला काय मोजावं लागेल हे लिहिलं आहे.’ एकच रविवार मोजणं, रात्रीचा कचरा दुसऱ्या दिवशीच्या वजनात जाणं, भिजलेल्या पालेभाजीतलं पाणी वजनात येणं, हे सगळं यात बसतं.

दोन शिक्षकांचं एकमत मोजताना एक फसगत होते. वीस वह्यांपैकी चौदांवर गुण जुळले तर सत्तर टक्के, आणि ते बरं वाटतं. पण जुन्या विशेषणांच्या तक्त्यात दोघांनीही वीसपैकी चौदा मुलांना ‘चांगला’ दिलं असेल आणि बाकीच्या तीन पातळ्यांवर दोन-दोन मुलं टाकली असतील, तर वह्या न वाचता हेच गुण वाटले तरी सरासरी ५२ टक्के वह्यांवर ते जुळले असते. ०.७ गुणिले ०.७ म्हणजे ०.४९ आणि उरलेल्या तीन पातळ्यांचे प्रत्येकी ०.०१. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा हा अंक हा योगायोग वजा करतो: ७० मधून ५२ गेले १८, १०० मधून ५२ गेले ४८, आणि १८ भागिले ४८ म्हणजे सुमारे ०.३८. पूर्ण एकमताला १ येतो. शाळेत दरवेळी हा हिशेब करायची गरज नाही, पण सगळे गुण एकाच पातळीवर गोळा झाले असतील तर नुसत्या टक्केवारीवर विसंबू नये.

‘योग्य’ हा शब्द मात्र सरसकट हद्दपार करायचं कारण नाही. ‘योग्य एकक’ म्हटल्यावर ग्रॅम किंवा किलोग्रॅम यावर वाद होत नाही. ‘योग्य निष्कर्ष’ म्हटल्यावर होतो. शब्दापेक्षा त्याच्यामागे ठरलेलं माप आहे का, हे पाहावं.

इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट जपावी लागते. घरी मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, आणि वहीत तिन्हींची सरमिसळ. निष्कर्षाच्या वर्णनात ‘प्रभावी’, ‘सुस्पष्ट’ असे शब्द असले की अडखळत्या हिंदीत लिहिलेली नेमकी तुलना खाली सरकते आणि सफाईदार भाषेतलं कर्तव्यावरचं भाषण वर जातं. ‘रविवार को ६९७ का लगभग दुप्पट कचरा हुआ’ या वाक्यात ‘दुप्पट’ हा मराठी शब्द शिरला आहे; तुलना मात्र पूर्ण आहे, म्हणून निष्कर्षाच्या ओळीत ते पातळी ३ वरच बसतं. भाषेला गुण द्यायचे असतील तर तिची ओळ वेगळी असावी, आणि तिथेही ‘शुद्ध’ न लिहिता ‘वाक्य एकदा वाचून कोणत्या दिवसाबद्दल आणि कोणत्या वजनाबद्दल आहे ते कळतं’ असं काहीतरी लिहावं.

वर्णन कितीही घोटलं तरी प्रत्येक पातळीची एक खरी वही, नाव झाकून, तक्त्यासोबत ठेवावी. नवीन शिक्षकाला ‘तुलना करून विधान’ हे शब्द वाचून जेवढं कळतं त्याहून जास्त ती वही पाहून कळतं. प्रकल्प बदलला, कचऱ्याऐवजी मटकीच्या मोडांची लांबी मोजायची ठरली, तर चारही वाक्यं जवळपास तशीच चालतात. नमुन्याच्या वह्या मात्र नव्याने गोळा कराव्या लागतात, कारण मोडांच्या नोंदींतल्या मर्यादा वेगळ्या असतात: पट्टी कुठून लावली, वाकडा मोड सरळ करून मोजला की नाही, आणि रोज तोच दाणा मोजला का.