डॉट भारत: देशाचं नाव, पण दोन अक्षरांत नाही

`.in`, `.fr`, `.jp` ही देशांची डोमेन कुणी सुचवलेली नाहीत. देशांच्या सांकेतिक अक्षरांची ISO 3166-1 ही आंतरराष्ट्रीय यादी आधीच होती, तीच इंटरनेटने उचलली. म्हणून लॅटिन लिपीतलं दोन अक्षरी एक्स्टेन्शन दिसलं की ते कुठल्यातरी देशाचं किंवा प्रदेशाचं, असं धरायला हरकत नाही. लॅटिनमध्ये तीन किंवा त्याहून अधिक अक्षरं असतील तर ते देशाचं नव्हे.

देवनागरी, अरबी किंवा सिरिलिक लिपीत अशी तयार यादी नाही. त्यामुळे 2009च्या नोव्हेंबरमध्ये इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या ICANN या संस्थेने वेगळी वाट खुली केली. इथे देशालाच नाव मागावं लागतं. ती भाषा त्या देशात अधिकृत हवी, नावातून देशाची ओळख पटायला हवी आणि सरकारचा पाठिंबा हवा. पहिली अशी डोमेन मे 2010मध्ये सुरू झाली. त्यांत इजिप्तचं `.مصر` आणि रशियाचं `.рф` होतं.

नाव देशाचं असलं तरी ते मिळेलच असं नाही. बल्गेरियाने `.бг` मागितलं आणि 2010मध्ये नकार आला, कारण ते ब्राझीलच्या `.br`सारखं दिसतं. लहान अक्षरांत पत्ता वाचणारा माणूस फसू शकतो, अशी भीती होती. पुढे फेरतपासणी झाली आणि 2016मध्ये ते सुरू झालं. लॅटिन जोड्यांना मात्र ही परीक्षा द्यावी लागली नाही. `.il` आणि `.li` शेजारी ठेवून पाहा.

`.भारत` हे आपल्या देशाचं देवनागरी डोमेन. त्याचं काम `.in`प्रमाणेच NIXI ही भारतीय संस्था पाहते. तरीही इंटरनेटवरच्या सगळ्या एक्स्टेन्शनच्या मूळ यादीत ही दोन वेगळी डोमेन आहेत, त्यामुळे `.in`मधलं नाव `.भारत`मध्ये आपोआप उघडत नाही. शिवाय नावावरून सर्व्हर शोधणाऱ्या DNS यंत्रणेत देवनागरी अक्षरं प्रत्यक्षात जातच नाहीत. ब्राउझर `भारत`चं रूपांतर `xn--h2brj9c` असं करतो. हे रूप म्हणजे देशाचा संकेत नव्हे, ती फक्त चार युनिकोड चिन्हांची सांकेतिक नोंद आहे. जुने वेब फॉर्म घोळ घालतात ते इथेच. एक्स्टेन्शन म्हणजे दोन ते चार इंग्रजी अक्षरं, असं गृहीत धरलं असेल तर `.भारत`चा पत्ता ‘अवैध’ ठरतो. त्याचं `xn--` रूप लिहिलं तरी त्यात आकडे आणि जोडरेघा आहेत, आणि लांबीही अकरा चिन्हांची. म्हणजे तेही नापास.

लिपीवरून देश ओळखायला गेलात तर चुकाल. `.कॉम` आणि `.संगठन` देवनागरीतच आहेत, पण ती `.com`सारखी सर्वसाधारण डोमेन आहेत. अक्षरं मोजूनही भागत नाही, कारण `.भारत` दोनापेक्षा लांब असूनही देशाचंच आहे. खात्री करायची तर ही नोंद ठेवणाऱ्या IANAच्या मूळ यादीत त्या नावापुढचा प्रकार पाहावा: देशाच्या डोमेनपुढे `country-code` असं लिहिलेलं असतं. नावाचे सर्व्हर कोणते, हे टर्मिनलमध्येही दिसतं:

```
dig NS xn--h2brj9c.
```