आवाज बंद करून कढी, डोळे मिटून कढी

मावशीच्या ताकाच्या कढीचा चार मिनिटांचा व्हिडिओ मी फॅमिली ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्याच दिवशी मामाचा मेसेज आला, की गं, मावशी बोलतेय ते कळतं पण काय बोलतेय ते कळत नाही. शेजारच्या काकांना अजिबात दिसत नाही, त्यांनी ऐकला आणि विचारलं, "असं झालं की गॅस बंद करा म्हणते, असं म्हणजे कसं?" मग मी तोच व्हिडिओ दोनदा चालवला, एकदा आवाज पूर्ण बंद करून, एकदा डोळे मिटून, आणि जिथे जिथे अडले तिथली वेळ वहीत लिहिली. सगळं काम त्या वहीवरूनच झालं.

आधी मामाचं. वयोमानाने ऐकू कमी येतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्यातल्या उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या पेशी बहुतेक वेळा आधी जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते पोचतात, पण स, श, फ, थ यांची जी बारीक फुसफुस असते ती हरवते. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं आणि शब्द मात्र लागत नाहीत. त्यात मी खाली बासरीचं म्युझिक लावलं होतं, म्हणजे उरलंसुरलं तेही झाकलं. आवाज मोठा करून फायदा नाही, कारण म्युझिकपण मोठं होतं.

म्हणून कॅप्शन. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायची, नंबर, सुरू-बंद व्हायची वेळ, मग मजकूर:

```
7
00:01:12,400 --> 00:01:15,600
[जिरं तडतडतं]
आता मेथीदाणे घाला, चारपाच.
```

फाइल UTF-8 मध्ये सेव्ह करायची, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. कंसातली ती पहिली ओळ लोक हमखास विसरतात. मावशी "तडतडलं की" म्हणते आणि पुढचं घालते, पण ज्याला तडतड ऐकूच येत नाही त्याच्यासाठी तो इशारा नुसता हवेत गेला. स्वयंपाकात अर्धं काम कानानेच चालतं, कुकरच्या शिट्ट्या, तेलाचा चर्र आवाज, आणि हे सगळं लिहावंच लागतं. (अमेरिकेत देशभर दाखवलेला पहिला कॅप्शनवाला टीव्ही कार्यक्रमही स्वयंपाकाचाच होता, 1972 मध्ये बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच स्टेशनने केलेला 'द फ्रेंच शेफ'. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं.)

कॅप्शनच्या वेगाचं गणित मराठीत जरा वेगळं पडतं. इंग्रजीत मिनिटाला 160 ते 180 शब्द असा अंदाज धरतात, पण आपल्याकडे 'फोडणीतल्यासुद्धा' हा एकच शब्द आहे, त्यामुळे शब्द मोजून उपयोग नाही. सॉफ्टवेअर सेकंदाला किती कॅरेक्टर ते दाखवतं, तेही फसवं, कारण ते काना-मात्रा वेगळी मोजतं. 'मेथीदाणे' आपल्याला चार अक्षरं, त्याला आठ, आणि 'स्त्री' हे एकच अक्षर त्याच्या लेखी सहा. कॅप्शन फार वेगात जातेय असा सॉफ्टवेअरचा लाल इशारा बघून मी उगाचच मावशीची वाक्यं कापत बसले होते. शेवटी साधी चाचणी केली. व्हिडिओ न पाहिलेल्या भाचीला तो आवाज बंद करून दाखवला आणि दर कॅप्शननंतर विचारलं, काय वाचलंस आणि भांड्यात काय चाललं होतं? वाचलेलं सांगता आलं पण चित्र सांगता आलं नाही तर कॅप्शन फार पटकन जातेय. एका वेळी दोनच ओळी ठेवल्या, आणि 'अर्धा चमचा' वर आणि 'हळद' खाली असं तोडलं नाही. दोन ओळींमधलं अंतरही थोडं वाढवलं, नाहीतर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

आता रंग. मी पांढरी अक्षरं टाकली होती आणि कढीच्या क्लोजअपवर ती अक्षरशः विरघळली. कॉन्ट्रास्ट मोजायचं एक गुणोत्तर आहे, दोन्ही रंग एकच असतील तर 1, काळ्यावर पांढरं असेल तर 21. वेबसाठीचा जो मान्य नियम आहे तो साध्या अक्षरांना किमान 4.5 मागतो, मोठ्या अक्षरांना 3. माझ्या फ्रेममधला कढीचा रंग निघाला #F0DC96, त्यावर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम 1.4! मोतीबिंदू असलेल्याला तर आणखी कमी दिसणार, कारण गढूळ झालेल्या भिंगातून प्रकाश विखुरतो, चित्रावर धुकं पसरल्यासारखं होतं आणि फिकट रंगांमधला फरक आधी पुसला जातो. अक्षरांचा रंग बदलून भागत नाही, कारण पुढच्याच शॉटमध्ये काळी कढई येते आणि आता काळी अक्षरं गायब. म्हणून अक्षरांमागे काळी पट्टी ठेवायची, 75 टक्के गडद, म्हणजे मागचं थोडंसंच दिसेल अशी. तिच्यामागे अगदी पांढरंशुभ्र काही आलं तरी पांढऱ्या अक्षरांना 10 च्या वर कॉन्ट्रास्ट मिळतो, मग शॉट कुठलाही असो.

काकांचं काम सगळ्यात अवघड. ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे बोलण्याच्या मधल्या मोकळ्या जागेत दुसऱ्या आवाजात पडद्यावर काय दिसतंय ते सांगणं. आधी मोकळ्या जागा शोधल्या. 1:40 ते 1:49 मावशी नुसती ढवळतेय, नऊ सेकंद. तिथे म्युझिक खाली घेऊन मी म्हटलं, "मावशी पळीने सतत ढवळतेय. कढीच्या कडेने बारीक बुडबुडे आलेत, वर वाफ दिसतेय." एवढंच बसतं, निवांत बोललं तर. मावशी खूश आहे, कढी मस्त दिसतेय, असलं काही घालायचं नाही, जे दिसतंय तेवढंच, म्हणजे अर्थ ऐकणारा लावतो.

फोडणीच्या सीनमध्ये मात्र माझी चूक झाली. तूप, जिरं, मेथ्या, हिंग, कढीपत्ता, मिरची, सगळं सहा सेकंदांत, आणि मी त्यावरून घाईघाईत सगळी नावं बोलून टाकली. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "तिथे बोलू नकोस गं, तडतड ऐकूनच मला कळतं कुठवर आलं ते." म्हणजे त्यांच्यासाठी जी सगळ्यात मोलाची माहिती होती तिच्यावरच मी बोलत होते. मग फोडणीच्या आधीच्या शॉटवर चित्र चार सेकंद थांबवलं, तिथे वाटीतलं सगळं क्रमाने सांगितलं, आणि फोडणी चालू झाली की गप्प.

"असं झालं की" हे मात्र डिस्क्रिप्शनने सुटेना, कारण मावशी थांबतच नाही, लगेच पुढचं सांगते. ते तिलाच पुन्हा बोलायला लावलं. आता ती म्हणते, "कडेने फेस वर यायला लागला की गॅस बंद, खळखळून उकळू द्यायची नाही, फुटते." डिस्क्रिप्शनची गरजच उरली नाही आणि ही ओळ मामालाही कॅप्शनमध्ये मिळाली. पुढच्या वेळी शूटिंगच्या आधीच मावशीला सांगणार आहे, "इतकं" म्हणू नकोस, "दोन वाट्या" म्हण.

कॅप्शन वेगळ्या फाइलमध्ये असली की बघणाऱ्याला अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात, म्हणून ऑनलाइन तशीच ठेवली. पण वॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ फॉरवर्ड केला की ती फाइल सोबत जात नाही, म्हणून ग्रुपसाठी चित्रावरच छापलेली एक कॉपी काढली. काकांसाठी तिसरी, डिस्क्रिप्शनवाली, चार मिनिटांऐवजी चार मिनिटं चार सेकंदांची. त्यांनी ती ऐकून कढी केली आणि एकच तक्रार केली, मिरच्या किती ते मावशीने सांगितलंच नाही.