ओंजळीतली फुंकर : झोपण्यापूर्वीच्या तीन सुरा आणि एका क्रियापदाची गोष्ट

रात्री अंथरुणावर बसून दोन्ही तळहात एकत्र धरायचे, इख़्लास, फ़लक़ आणि नास या कुरआनाच्या शेवटच्या तीन सुरा, म्हणजे अध्याय, म्हणायच्या, ओंजळीत हलकी फुंकर घालायची आणि ते हात डोक्यावरून, चेहऱ्यावरून, अंगावरून फिरवायचे. असं तीन वेळा. जगभरात असंख्य घरांत हे रोज घडतं. लहान मुलं अर्थ कळण्याआधीच ते शिकतात, आणि बहुधा म्हणूनच यातली एक अवघड गोष्ट मोठेपणीही कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या फुंकण्यापासून या सुरांमध्ये संरक्षण मागितलं आहे, तेच क्रियापद या प्रथेच्या वर्णनातही वापरलेलं आहे.

सुरा फ़लक़ची चौथी आयत म्हणते, ‘गाठींवर फुंकणाऱ्यांच्या उपद्रवापासून’. मूळ शब्द आहे ‘नफ़्फ़ासात’. दोरीला गाठ मारायची, तिच्यावर मंत्र पुटपुटून फुंकायचं, म्हणजे कोणाचं तरी वाईट त्या गाठीत बांधलं जातं, ही अरबस्तानातली जुनी जादूटोण्याची रीत. आयतीचा रोख तिच्यावर आहे. आता झोपण्यापूर्वीची हदीस, म्हणजे पैगंबरांच्या आचरणाची परंपरेने सांगितलेली हकीकत, पाहा. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा (र.) सांगतात की पैगंबर (स.) रोज रात्री अंथरुणाकडे गेले की दोन्ही तळहात जोडत, त्यांत फुंकत, या तीन सुरा म्हणत आणि हात पोहोचतील तिथपर्यंत अंगावरून फिरवत. सुरुवात डोकं, चेहरा आणि शरीराच्या पुढच्या भागापासून करत. इथल्या ‘फुंकत’साठी मूळ शब्द आहे ‘नफ़स’. धातू तोच.

हा योगायोग सुरुवातीच्या पिढीतल्या लोकांना खटकला होता. इराकमधल्या कूफ़ा शहराचे अल-अस्वद इब्न यज़ीद हे पैगंबरांच्या सोबत्यांनंतरच्या पिढीतले विद्वान. याच आयतीचा आधार घेऊन ते कुठल्याही प्रकारे फुंकणं नापसंत करत. त्याच शहरातले विद्वान इब्राहीम नख़ई यांचा आक्षेप त्याहून मर्यादित होता. कुरआन पठण करताना फुंकू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे इमाम बुख़ारी (मृत्यू 870) यांनी आपल्या हदीससंग्रहात पठणोपचारात फुंकण्यावर स्वतंत्र प्रकरण केलं आणि आयेशांची ही हदीस त्यात घातली. या संग्रहाचे भाष्यकार इब्न हजर (मृत्यू 1449) म्हणतात की प्रकरणाचं शीर्षकच या आक्षेपांना उत्तर आहे. आयतीत निंदा आहे ती जादूगारांच्या फुंकण्याची. फुंकणं या क्रियेचीच ती निंदा नव्हे.

मला हे उत्तर पटतं, आणि ते पटण्यासाठी दोन्ही कृती शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. जादूगार गाठ मारतो, म्हणजे काहीतरी बंद करतो, आणि ते दुसऱ्याच्या विरोधात असतं. झोपणारा माणूस हात उघडतो, त्या हातांत काहीच नसतं, आणि तो फक्त स्वतःसाठी आसरा मागतो. ‘फ़लक़’ या शब्दाचा अर्थही इथे पाहण्यासारखा आहे. त्याचा धातू ‘फाडणं, दुभंगणं’ असा आहे. रात्र दुभंगून बाहेर येते ती पहाट, म्हणून फ़लक़. अंधार दाटताना म्हणायच्या सुरेची सुरुवात पहाटेच्या पालनकर्त्याच्या नावाने होते.

तीन सुरांची रचनाही लक्ष देऊन पाहावी. इख़्लासमध्ये मागणं काहीच नाही. अल्लाह एक आहे, ‘समद’ आहे, म्हणजे सगळे ज्याच्याकडे गरज घेऊन जातात पण ज्याला कोणाची गरज नाही असा. त्याने कोणाला जन्म दिला नाही, त्याला कोणी जन्म दिला नाही, त्याच्या तोडीचं कोणी नाही. आसरा कोणाकडे मागायचा हे आधी ठरतं, मग पुढच्या दोन सुरांत मागणं येतं. फ़लक़मध्ये अल्लाहचा उल्लेख एकाच विशेषणाने होतो आणि चार धोके मोजले जातात : निर्माण झालेल्या सगळ्यातलं वाईट, दाटून येणारा अंधार, गाठींवर फुंकणारे आणि मत्सर करणारा. नासमध्ये उलट आहे. माणसांचा पालनकर्ता, माणसांचा राजा, माणसांचा उपास्य अशी तीन विशेषणं, आणि धोका एकच : मनात कुजबुजून मागे सरकणारा. बाहेरच्या चार संकटांना एक नाव पुरलं, आतल्या एकाला तीन लागली. भाष्यकारांनी हे फार पूर्वी टिपलं आहे.

कृतीचा तपशील मात्र वाटतो तितका सरळ नाही. हदीसच्या एका पाठात ‘फुंकलं, मग म्हटलं’ असा क्रम दिसतो. दुसऱ्या पाठात ‘या सुरांसह तळहातांत फुंकलं’ असं आहे, त्यातून क्रम ठरत नाही. बहुतेक जण आधी म्हणून मग फुंकतात. पठणाचा स्पर्श झालेला श्वास हातांवर यावा, हा त्यामागचा विचार. नफ़स म्हणजे जोराची फुंकर नव्हे. ती अगदी हलकी असते, ओलावा असला तर नावापुरता.

जास्त गोंधळ ‘तीन वेळा’ या शब्दांचा होतो. अनेक जण प्रत्येक सुरा तीनदा म्हणून शेवटी एकदाच फुंकतात. तीन-तीनदा म्हणण्याची शिकवण वेगळ्या हदीसमध्ये आहे आणि ती सकाळ-संध्याकाळसाठी आहे. झोपण्यापूर्वीच्या हदीसमध्ये ‘हे तीनदा करत’ असं आहे, म्हणजे तिन्ही सुरा, फुंकर आणि हात फिरवणं मिळून एक फेरा, आणि असे तीन फेरे. पाठीवर हात पोचला नाही तर खटपट करायची नाही. ‘पोहोचेल तिथपर्यंत’ हे शब्द हदीसमध्येच आहेत.

देवनागरीतून वाचून पाठ करणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. तिन्ही सुरांचा पहिला शब्द ‘क़ुल’, म्हणजे ‘म्हण’. त्यातला क़ घशाच्या मुळाशी, पडजिभेपाशी उमटतो. नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, गाळून साधं ‘कुल’ म्हटलं तर अरबीत त्याचा अर्थ ‘खा’ असा होतो. तसंच ‘फ़लक़’चं ‘फ़लक’ झालं की पहाट जाऊन ग्रहताऱ्यांची कक्षा येते. जाणकाराकडून एकदा कानाने शिकलं की हा दोष जातो. नुसत्या छापील अक्षरांवरून तो सुटत नाही, कारण बहुतेक छपाईत नुक्ताच नसतो.

ही प्रथा पुढच्या पिढीकडे कशी गेली, हेही आयेशांच्या हदीसांच्या कथनात दिसतं. आयेशांकडून त्यांचे भाचे उर्वा यांनी ऐकलं, उर्वांकडून इब्न शिहाब ज़ुहरी (मृत्यू 742) यांनी. ज़ुहरींना त्यांचे शिष्य मअमर यांनी विचारलं, पैगंबर कसे फुंकत? उत्तर आलं, हातांवर फुंकत आणि मग ते चेहऱ्यावरून फिरवत. दुसरे शिष्य यूनुस सांगतात की ज़ुहरी अंथरुणाकडे जात तेव्हा हेच करताना मी त्यांना पाहत असे.

आणि आयेशांची स्वतःची एक आठवण. पैगंबरांच्या अखेरच्या आजारात वेदना वाढल्या, तेव्हा आसऱ्याच्या या सुरा आयेशाच त्यांच्यासाठी म्हणू लागल्या. अंगावरून मात्र त्यांनी स्वतःचा हात फिरवला नाही. पैगंबरांचाच हात धरून त्यांनी तो त्यांच्या अंगावरून फिरवला, त्या हाताच्या बरकतीच्या आशेने.