ब्रोमीनला सातवा फ्लोरीन का मिळत नाही: इंटरहॅलोजन संयुगांच्या सूत्रामागचा इतिहास

मोठा हॅलोजन मध्यभागी, लहान हॅलोजन भोवती आणि दोघांच्या त्रिज्यांचे गुणोत्तर जितके मोठे तितके भोवतालचे अणू जास्त. बारावीत पाठ केलेला हा नियम इंटरहॅलोजन संयुगे सापडल्यानंतर खूप उशिरा आला. आयोडीन मोनोक्लोराइड १८१४च्या सुमारास मिळाले तेव्हा अणूची त्रिज्या मोजण्याचे साधनच नव्हते. पुढची संयुगे फ्लोरीन हाताळता येऊ लागल्यावर आली. १९३०च्या आसपासच्या दोन-तीन वर्षांत ClF, ClF₃, IF₇ आणि BrF₅ एकापाठोपाठ तयार झाली, तीही बहुतेक एकाच जर्मन प्रयोगशाळेत. नियम या यादीवर बेतलेला आहे. त्यामुळे तो यादीशी जुळतो याचे फारसे कौतुक करण्यात अर्थ नाही.

खरी गोची फ्लोरीनच्या त्रिज्येत आहे. आपल्याकडच्या तक्त्यांत ती ६४ पिकोमीटर दिलेली असते. क्लोरीन ९९, ब्रोमीन ११४, आयोडीन १३३. या आकड्यांनी I/F गुणोत्तर २.०८, Br/F १.७८ आणि Cl/F १.५५ येते. I/Cl मात्र १.३४वरच थांबते आणि I/Br, Br/Cl ही १.२च्याही खाली राहतात. म्हणजे सात, पाच, तीन, मग पुन्हा तीन आणि शेवटी एक. उतरंड छान दिसते. पण F₂ रेणूतले बंधाचे अंतर १४२ पिकोमीटर आहे, त्याचे अर्धे ७१. इतर तिन्ही हॅलोजनांची त्रिज्या अशीच, बंधाचे अंतर अर्धे करून घेतलेली आहे. फ्लोरीनला वेगळा न्याय का? कारण दोन फ्लोरीन अणूंच्या लोन पेअर एकमेकींना इतक्या ढकलतात की तो बंध अवाजवी लांब होतो. ६४ हा आकडा ती लांबी वजा करून काढलेला आहे. त्यात गैर काही नाही, पण ७१ धरून पाहा. Cl/F १.३९ होते, म्हणजे I/Clच्या १.३४ला जवळजवळ चिकटते. तीन अणूंशी तीनचा मेळ तेव्हाही बसत होता.

मग १९६३मध्ये ClF₅ आले. क्लोरीन ट्रायफ्लोराइड व फ्लोरीन सुमारे ३५० अंश सेल्सिअसला आणि २५० वातावरण दाबाखाली तापवून ते मिळाले. आता जवळजवळ सारख्याच गुणोत्तराच्या दोन जोड्यांपैकी एक पाचपर्यंत जाते, तर दुसरी, आयोडीन आणि क्लोरीन, तीनवर अडते. ६४ घेतले तर हा पेच सौम्य होतो, ७१ घेतले तर उघडा पडतो. पुस्तके ६४ घेतात. माझ्या मते येथे जागेपेक्षा बंधाचे बळ मोठे: आयोडीनला +५ अवस्थेत धरून ठेवायला फ्लोरीन पुरेसा समर्थ आहे, क्लोरीन नाही. उलट बाजूही तशीच. IF₃साठी जागा भरपूर, तरी ते उणे २८ अंशांवर तापले की IF₅ आणि आयोडीन होऊन जाते. गुणोत्तर फक्त वरची मर्यादा सुचवते; मधले कोणते टिकेल हे त्याला कळत नाही.

वरची मर्यादा मात्र ते चांगली सांगते, आणि याचा पुरावा BrF₇ न मिळण्यात आहे. IF₇ हे पंचकोनी द्विपिरॅमिड. मधल्या पट्ट्यात पाच फ्लोरीन, शेजाऱ्यांत ७२ अंशांचा कोन. त्या पट्ट्यातला I–F बंध सुमारे १८६ पिकोमीटर, म्हणून शेजारच्या फ्लोरीनांतले अंतर २ × १८६ × sin ३६°, म्हणजे सुमारे २१९. एकमेकांना बांधलेले नसलेले दोन फ्लोरीन एरवी २९०च्या आसपास अंतर राखतात, तेव्हा ही आधीच दाटी. ब्रोमीनचा बंध १७५ धरला तर अंतर २०६वर येते. ब्रोमीनची सात इलेक्ट्रॉन वापरायची तयारी नाही असे म्हणता येत नाही, कारण १९७०च्या दशकात BrF₆⁺ हा धन आयन मिळाला. त्यात सहा फ्लोरीन अष्टफलकात काटकोनात बसतात आणि त्याच १७५च्या बंधाला अंतर २४७ राहते. सातव्यालाच जागा नाही.

रेणूचा आकार ही वेगळी गोष्ट आणि ती १९४०नंतरच्या इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या विचारातून आली. ClF₃मध्ये तीन बंध आणि दोन लोन पेअर, म्हणून टी-आकार. १९५३मध्ये तो प्रयोगाने पक्का झाला. BrF₃ही तसाच. येथे त्रिज्या फक्त कोनात डोकावते: ClF₃चा कोन ८७.५ अंश, BrF₃चा ८६.२. मध्यवर्ती अणू मोठा झाला की लोन पेअरला पसरायला वाव मिळतो. याच कारणाने IF₆⁻ वेडावाकडा असतो. BrF₆⁻मध्येही एक लोन पेअर आहे, पण सहा फ्लोरीनांच्या दाटीत तिला बाजूला जागा मिळत नाही आणि तो आयन नियमित अष्टफलकच राहतो.