कलम आखूड करणे वेगळे, कलम बदलणे वेगळे

करारातल्या दायित्वाच्या, म्हणजे नुकसान कोणी किती भरून द्यायचे हे ठरवणाऱ्या, कलमातले ‘जबाबदार, उत्तरदायी वा बांधील’ हे त्रिकूट पाहिले की हात शिवशिवतात. खुशाल कापा. तिन्ही शब्द एकच काम करत असतील आणि करारात कुठे त्यांची वेगळी व्याख्या दिलेली नसेल, तर ‘जबाबदार’ पुरे. ‘कोणत्याही परिस्थितीत व कोणत्याही कारणास्तव’ यातही बहुतेक वेळा अर्धे वजन फुकटचे असते. हे सगळ्यांना जमते. गोंधळ होतो तो पुढच्या पायरीवर, जिथे पाल्हाळ समजून कामाचा शब्द उडवला जातो.

हे कलम घ्या:

‘कराराचा भंग असो, निष्काळजीपणा असो वा अन्य कोणतेही कारण असो, पुरवठादार हा ग्राहकाला झालेल्या नफ्याच्या, उत्पन्नाच्या वा व्यवसायाच्या हानीसाठी, तसेच कोणत्याही अप्रत्यक्ष वा परिणामी नुकसानीसाठी जबाबदार, उत्तरदायी वा बांधील राहणार नाही, आणि वरीलपैकी कोणत्याही कारणाने उद्भवणारी पुरवठादाराची एकूण जबाबदारी ही ग्राहकाने मागील 12 महिन्यांत दिलेल्या शुल्कापेक्षा अधिक असणार नाही.’

आणि ही नेहमी दिसणारी ‘सुटसुटीत’ आवृत्ती:

‘पुरवठादार नफ्याच्या हानीसह कोणत्याही अप्रत्यक्ष नुकसानीसाठी जबाबदार नाही. त्याची जबाबदारी मागील 12 महिन्यांच्या शुल्काइतकी मर्यादित राहील.’

वाचायला झकास, पण हा वेगळा करार आहे. सगळा घोळ ‘सह’ या शब्दात आहे. मूळ कलमात ‘तसेच’मुळे दोन स्वतंत्र कप्पे होते: नफ्याची हानी एका कप्प्यात, अप्रत्यक्ष नुकसान दुसऱ्यात, आणि दोन्ही वगळलेले. ‘सह’ने पहिला कप्पा दुसऱ्याच्या पोटात टाकला. आता फक्त अप्रत्यक्ष स्वरूपाची नफ्याची हानी वगळली जाते. प्रत्यक्ष नफा बुडाला, तर ग्राहक तो मागू शकतो.

नफा बुडणे म्हणजे अप्रत्यक्षच, असे अनेकांना वाटते, आणि चूक नेमकी तिथे होते. 1854च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या इंग्लिश निकालाने नुकसान दोन भागांत पाहायला शिकवले: भंगामुळे नेहमीच्या ओघात होणारे, आणि खास परिस्थिती दोन्ही पक्षांना ठाऊक असल्यामुळे अपेक्षित असलेले. भारतीय करार कायद्याच्या कलम 73 मध्येही हीच मांडणी आहे. 1949च्या व्हिक्टोरिया लाँड्री खटल्यात बॉयलर सुमारे पाच महिने उशिरा मिळाला. लाँड्रीचा नेहमीचा बुडालेला नफा मागण्याजोगा ठरला, पण विक्रेत्याला ठाऊक नसलेल्या रंगकामाच्या खास किफायतशीर कंत्राटांचा नफा नाही. म्हणजे बुडालेला नफा या दोन्ही भागांत असू शकतो. त्यातच ‘अप्रत्यक्ष वा परिणामी’ हे शब्द इंग्लिश न्यायालयांनी अनेक निकालांत फक्त दुसऱ्या भागापुरते वाचले आहेत. ‘सह’ लिहिणारा पुरवठादाराचा वकील आपल्याच अशिलाची ढाल काढून घेतो.

बाकीच्या चुका तुलनेने सरळ आहेत. ‘एकूण’ गेले की मर्यादा प्रत्येक दाव्याला स्वतंत्रपणे लागू होते, असा युक्तिवाद उभा राहतो: शुल्क 12 लाख आणि 10 लाखांचे तीन दावे असतील, तर 12 ऐवजी 30 लाखांचा प्रश्न. ‘निष्काळजीपणा’ गेला की न्यायालय ते कलम निष्काळजीपणाला लावायला कचरू शकते, कारण जबाबदारी टाळणारी कलमे टाळणाऱ्याच्या विरुद्ध काटेकोरपणे वाचली जातात. आणि ‘दिलेल्या’ गेल्यावर थकलेले शुल्क धरायचे की नाही, हा नवा वाद फुकटात मिळतो.

अर्थ न हलवता आखूड केलेले कलम असे:

‘करारभंग, निष्काळजीपणा वा अन्य कोणत्याही कारणाने ग्राहकाला झालेल्या (क) नफा, उत्पन्न वा व्यवसायाच्या हानीसाठी आणि (ख) अप्रत्यक्ष वा परिणामी नुकसानीसाठी पुरवठादार जबाबदार नाही. अशा सर्व कारणांसाठी मिळून त्याची एकूण जबाबदारी ग्राहकाने मागील 12 महिन्यांत दिलेल्या शुल्कापेक्षा अधिक नसेल.’

फार आखूड झाले नाही, हे मान्य. पण (क) आणि (ख) पाडल्यावर कप्पे मिसळत नाहीत, आणि मला चार शब्द वाचवण्यापेक्षा ते जास्त पटते.

पडताळणीसाठी दोन मजकूर शेजारी ठेवून नुसते वाचू नका. डोळा सारखेपणाच शोधतो. त्याऐवजी चार घटना लिहा: माल उशिरा आल्याने नेहमीचा नफा बुडाला, त्याच उशिराने खास कंत्राट गेले, पुरवठादाराच्या कर्मचाऱ्याच्या हयगयीने यंत्र मोडले, एकाच वर्षात तीन दावे आले. प्रत्येक घटनेत कोण किती देतो, हे आधी मूळ कलमावरून आणि मग नव्यावरून लिहा. एकाही ठिकाणी उत्तर फरकले, तर कापलेले शब्द एकेक करून परत घाला. ज्या शब्दाने उत्तर पूर्ववत होते, तो पाल्हाळ नव्हता. मग करारात इतरत्र या कलमाचा उल्लेख शोधा, विशेषतः फसवणूक वा शारीरिक इजेचे अपवाद ‘वरील कलमातील हानी’ असे म्हणत असतील तर.

या तपासणीत मूळ कलमातलाच दोष सापडतो, जसे की ‘मागील 12 महिने’ नेमके कधीपासून मोजायचे: दाव्याच्या तारखेपासून की भंगाच्या? तो गुपचूप दुरुस्त करू नका. आखूड मजकुरात दोष तसाच ठेवा आणि दुरुस्ती वेगळा प्रस्ताव म्हणून समोरच्या पक्षाकडे पाठवा.