तुकोबांनी बालपण मागितलं नव्हतं

‘“लहानपण देगा देवा” म्हणजे तुकोबा बालपण परत मागतात ना, सर?’

नाही. पुण्यातल्या शाळांत निरोप समारंभाच्या फळ्यावर ही ओळ हमखास असते, त्यातून हा समज पसरतो. पुढे वाचा, अभंगात एकही मूल नाही. मुंगी आहे, तिला साखरेचा रवा मिळतो. ऐरावत रत्न खरा, पण अंकुशाचा मार खातो. ‘नीचपण बरवे देवा’ या त्यांच्याच दुसऱ्या अभंगात महापुरात ताठ झाडं वाहून जातात. लव्हाळं वाकतं, पाणी वरून निघून जातं. मुठेकाठी पूर ओसरल्यावर बघा, आडवं झालेलं गवत मुळाशी घट्टच असतं.

म्हणजे मागणं नम्रतेचं. पण ‘लहानाहून लहान’ कुठवर? ‘मी’पण उरत नाही तिथवर. तेच तुकोबा दुसरीकडे म्हणतात, ‘अणुरेणीया थोकडा, तुका आकाशाएवढा’.